पर्सन-इयर्सचा दर: पी-व्हॅल्यू ०.०४४, पण रेट रेशोच्या इंटरव्हलमध्ये १ आहे. कोणावर विश्वास ठेवू?

निशिगंध (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यावर आहे आणि एका तक्त्यापाशी चार दिवस अडकले आहे.

कोहॉर्ट असा आहे: संधिवाताचे रुग्ण, एक गट नव्या औषधावर (६१२ जण), दुसरा जुन्या औषधावर (६५५ जण). कोणाचा पाठपुरावा दोन महिन्यांचा, कोणाचा पाच वर्षांचा. आउटकम म्हणजे रुग्णालयात दाखल करावा लागलेला गंभीर संसर्ग.

नवं औषध: १,५०० व्यक्ती-वर्षांत १२ घटना, म्हणजे दर हजारी ८.०.
जुनं औषध: १,६०० व्यक्ती-वर्षांत ४ घटना, म्हणजे दर हजारी २.५.

प्रोटोकॉलमध्ये "एक्झॅक्ट ९५% इंटरव्हल देऊ" एवढंच लिहिलं होतं. म्हणून R मध्ये हे चालवलं:

```
poisson.test(c(12, 4), c(1500, 1600))
```

रेट रेशो आला ३.२. इंटरव्हल ०.९७ ते १३.६. आणि पी-व्हॅल्यू ०.०४३६.

इंटरव्हलमध्ये १ आहे, म्हणजे फरक सिद्ध होत नाही. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, म्हणजे फरक आहे. एकाच कमांडच्या एकाच उत्तरात दोन वेगळे निकाल कसे? मला वाटलं टाइप करताना चूक झाली, म्हणून तीनदा पुन्हा चालवलं. माझ्या गाइडना विचारलं तर ते म्हणाले, "पी-व्हॅल्यू चांगली आली आहे ना, मग ती लिही." मला ते पटत नाही.

---

ओपीडीवाला

निशिगंध, हे इतकं अवघड नाही. दोन्ही दरांचे वेगवेगळे इंटरव्हल काढा आणि शेजारी ठेवा. एकमेकांवर येत असतील तर फरक नाही, येत नसतील तर आहे. मी जर्नल क्लबमध्ये नेहमी असंच बघतो. रेट रेशोच्या भानगडीत पडूच नका.

---

निशिगंध

काढलेत. नवं औषध ८.० (४.१३ ते १३.९७), जुनं २.५ (०.६८ ते ६.४०). ४.१३ ते ६.४० एवढा पट्टा दोन्हीकडे येतो. मग फरक नाही म्हणू?

---

सरळरेषा

मला एक कळलं नाही. ६१२ पैकी १२ आणि ६५५ पैकी ४ अशी सरळ टक्केवारी का नको? १.९६% आणि ०.६१%. त्यावर फिशरची टेस्ट लावा, काम झालं. वर्षं मधे आणून उगाच गुंता वाढतोय.

---

आकडेमोड

तिघांना वेगवेगळं उत्तर देतो, कारण प्रश्न तीन आहेत.

सरळरेषा, तुमच्या टक्केवारीत दोन महिन्यांनी औषध सोडून गेलेला माणूस आणि पाच वर्षं नजरेखाली असलेला माणूस यांचं वजन सारखंच धरलं जातं. पहिल्याला संसर्ग होण्याची संधीच साठ दिवसांची होती. योगायोगाने निशिगंध यांच्या दोन्ही गटांत सरासरी पाठपुरावा जवळपास २.४५ वर्षं आहे, म्हणून तुमचं गुणोत्तरही ३.२ च्या आसपासच येतं. पण एका गटातले लोक आधी गळू लागले की टक्केवारी त्या गटाला फुकटचं चांगलं दाखवते. व्यक्ती-वर्षं घ्यायची ती यासाठी.

ओपीडीवाला, तुमचा नियम एका बाजूने बरोबर आहे. दोन इंटरव्हल एकमेकांना शिवतसुद्धा नसतील तर फरक आहे असं मानायला हरकत नाही. उलट बाजूने तो चालत नाही. दोन दरांच्या फरकातली अनिश्चितता ही दोघांच्या अनिश्चिततांची सरळ बेरीज नसते, बेरजेपेक्षा कमी असते. म्हणून इंटरव्हल थोडे एकमेकांवर आले तरी फरक खरा असू शकतो. याच आकड्यांवर लॉग रेट रेशोचा नेहमीचा अंदाजे इंटरव्हल काढा: लॉगची स्टँडर्ड एरर `sqrt(1/12 + 1/4)`, म्हणजे ०.५७७. त्यातून १.०३ ते ९.९ येतो. इंटरव्हल एकमेकांवर आलेले आहेत आणि तरी यात १ नाही. तुलना करायची असेल तर तुलनेचाच इंटरव्हल काढावा लागतो.

निशिगंध, तुमची चूक झालेली नाही. R ने दोन्ही आकडे बरोबर दिले आहेत, फक्त ते दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेले आहेत. रात्री सविस्तर लिहितो.

---

टर्मिनल

मी स्टाटावाला. कुतूहल म्हणून `iri 12 4 1500 1600` चालवलं. इंटरव्हल तोच, ०.९७ ते १३.६. पण पी-व्हॅल्यू ०.०३६! म्हणजे आता तिसरा आकडा आला.

---

आकडेमोड

टर्मिनल यांचा आकडाही बरोबर आहे. आता मुळापासून सांगतो. सूत्रं लागणार नाहीत, नाणं लागेल.

एकूण १६ संसर्ग झाले. दोन्ही औषधांचा दर खरोखर सारखा असता, तर प्रत्येक संसर्ग कोणत्या गटात पडावा हे फक्त त्या गटाच्या व्यक्ती-वर्षांवर ठरलं असतं. ३,१०० पैकी १,५०० वर्षं नव्या औषधाची, म्हणजे प्रत्येक संसर्गाची नव्या औषधाकडे जाण्याची शक्यता ४८.४%. जवळजवळ नाणेफेकच, जरासं जड नाणं. तर प्रश्न असा उरतो: असं नाणं १६ वेळा उडवलं तर १२ किंवा जास्त वेळा "नवं औषध" पडण्याची शक्यता किती? उत्तर २.८८%. दोन दरांची एक्झॅक्ट तुलना म्हणतात ती एवढीच: एकूण घटना ठरलेल्या धरायच्या आणि त्या कशा वाटल्या गेल्या ते बघायचं.

इथपर्यंत सगळी सॉफ्टवेअर एकमताने चालतात. फाटे फुटतात ते "दोन्ही बाजूंची" पी-व्हॅल्यू काढताना, कारण नाणं किंचित जड असल्यामुळे उजवी आणि डावी शेपटी सारखी नाही.

एक जण म्हणतो, उजवी शेपटी २.८८%, दुप्पट करा. ०.०५७६.

R ची `poisson.test` वेगळं करते. नेमके १२ पडण्याची शक्यता आहे २.१३%. मग ती डाव्या बाजूला २.१३% पेक्षा दुर्मीळ असलेले सगळे निकाल शोधते. ते आहेत ० ते ३, त्यांची बेरीज १.४८%. नेमके ४ पडण्याची शक्यता ३.५७%, म्हणजे ते पुरेसं दुर्मीळ नाही, म्हणून ते वगळलं जातं. २.८८ अधिक १.४८, बरोबर ४.३६%. तुमचा ०.०४३६ तो हा.

स्टाटा तिसरंच करते. नेमके १२ पडण्याची शक्यता पूर्ण न धरता अर्धी धरते आणि मग दुप्पट करते. त्याला मिड-पी म्हणतात. २.८८ मधून २.१३ चा अर्धा वजा केला की १.८२, दुप्पट ०.०३६.

आता इंटरव्हल. R असो की स्टाटा, तो इंटरव्हल पहिल्या पद्धतीचा आहे: दोन्ही टोकांना प्रत्येकी २.५% सोडलेले. तुमची शेपटी २.८८%, म्हणजे २.५ पेक्षा जास्त, म्हणून १ आत राहतो. इंटरव्हल एका पद्धतीचा, पी-व्हॅल्यू दुसऱ्या पद्धतीची, आणि तुमचे आकडे नेमके या दोन पद्धतींच्या मधल्या फटीत पडले आहेत. घटना शंभर असत्या तर हा फरक दिसलाही नसता.

जुळणारी जोडी हवी असेल तर:

```
library(exactci)
poisson.exact(c(12, 4), c(1500, 1600), tsmethod = "central")
```

याची पी-व्हॅल्यू ०.०५७६ आणि इंटरव्हल ०.९७ ते १३.६. दोन्ही एकच गोष्ट सांगतात. `tsmethod = "minlike"` दिलंत तर ०.०४३६ आणि त्याच्याशी जुळणारा वेगळा इंटरव्हल मिळतो. दोन्ही जोड्या प्रामाणिक आहेत. एका जोडीतली पी-व्हॅल्यू आणि दुसऱ्या जोडीतला इंटरव्हल शेजारी छापला की गडबड होते.

---

निशिगंध

आकडेमोड सर, इतक्या शांतपणे मला हे कोणी सांगितलं नव्हतं. डाव्या बाजूला ४ वगळले जातात आणि ३ पर्यंत घेतले जातात, हे स्वतः `dbinom(0:16, 16, 1500/3100)` चालवून पाहिलं. बरोबर तेच आलं.

एक शंका. प्रत्येक दराचा वेगळा इंटरव्हल मी काढला, तो बरोबर आहे का? माझ्या मैत्रिणीने १२ अधिक-उणे १.९६ गुणिले वर्गमूळ १२ असा काढला आणि तिचा ३.४७ ते १२.५३ आला.

---

आकडेमोड

तुमचा बरोबर आहे. तो गारवुड यांनी १९३६ साली मांडलेला इंटरव्हल. काय-स्क्वेअरच्या तक्त्यावरून हातानेही निघतो. घटना १२, म्हणून खालच्या टोकाला २४ डिग्रीजचा २.५% चा बिंदू घ्या, १२.४०. त्याचा अर्धा ६.२०. वरच्या टोकाला २६ डिग्रीजचा ९७.५% चा बिंदू, ४१.९२, अर्धा २०.९६. याचा अर्थ, ज्या गटात १२ घटना दिसल्या तिथे खरी सरासरी ६.२ ते २१ यांच्यामधली असू शकते. दोन्हींना १.५ हजार वर्षांनी भागा, ४.१३ आणि १३.९७.

मैत्रिणीचा इंटरव्हल दोन्हीकडे सारखा पसरतो. कमी घटनांत खरी अनिश्चितता तशी नसते, वरच्या बाजूला जास्त असते. तिच्याच पद्धतीने ४ घटनांचा इंटरव्हल काढा, ०.०५ ते ४.९५ येईल. वरचं टोक ६.४० असायला हवं ते ४.९५ वर आलं. औषधाच्या सुरक्षिततेच्या अभ्यासात वाचणाऱ्याला वरचं टोकच हवं असतं, आणि तेच इथे कमी दाखवलं जातं. घटना ३ वर आल्या की खालचं टोक उणे होतं, तेव्हा निदान चूक डोळ्यांना दिसते. ४ वर ती दिसत नाही.

---

केतकी_पान

धाग्याशी संबंधित म्हणून माझा अनुभव लिहिते. आमच्या छोट्या कोहॉर्टमध्ये एका गटात २१० व्यक्ती-वर्षांत शून्य घटना होत्या, दुसऱ्यात १९० वर्षांत ४. आम्ही पहिल्या गटासमोर "०, इंटरव्हल काढता येत नाही" असं लिहून पाठवलं आणि शेवटी "या गटात धोका आढळला नाही" असं वाक्य टाकलं. रिव्ह्यूअरने पेपर परत पाठवला. त्याने एकच ओळ लिहिली होती: शून्य घटनांनाही वरचं टोक असतं, ते द्या. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. शून्याला इंटरव्हल कसला, हे मला अजूनही नीट समजलेलं नाही.

---

आकडेमोड

केतकी, रिव्ह्यूअर बरोबर होता. तुम्ही २१० वर्षं पाहिलं आणि काही झालं नाही. खरा दर किती मोठा असूनही असं निव्वळ योगाने घडू शकतं? शून्य घटनांचं वरचं टोक ३.६९ असतं. त्याला २१० ने भागा: दर हजारी १७.६. म्हणजे तुमच्या त्या गटाचा दर हजारी ० ते १७.६ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. "धोका आढळला नाही" आणि "हजारी सतरापर्यंतचा धोका आम्ही नाकारू शकत नाही" यांत किती अंतर आहे ते बघा.

काही जण ३.६९ ऐवजी ३ वापरतात. ते एका बाजूचं ९५% आहे. बाकीचा तक्ता दोन बाजूंचा असेल तर ३.६९ च घ्या.

तुलनेतही तसंच. शून्य विरुद्ध चार ऐकायला मोठं वाटतं, पण एक्झॅक्ट रेट रेशोचा इंटरव्हल ० ते १.३७ येतो. लॉगचं सूत्र तर इथे चालतच नाही, कारण १ भागिले शून्य.

---

केतकी_पान

हजारी सतरा! आणि आम्ही ते वाक्य गोषवाऱ्यातसुद्धा टाकलं होतं. आज रात्रीच दुरुस्त करते. आभारी आहे.

---

ओपीडीवाला

इंटरव्हल एकमेकांवर येण्याबद्दलचा मुद्दा मान्य. इतकी वर्षं मी उलट बाजूनेही तोच नियम लावत होतो, आता सावध राहीन.

पण मला आकड्यांच्या आधीचं काहीतरी खटकतंय. निशिगंध, त्या १२ घटना म्हणजे १२ माणसं का? या रुग्णांना संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. एकदा न्यूमोनिया झाला की पुढच्या महिन्यात परत दाखल, असं आम्ही वॉर्डात रोज बघतो.

---

निशिगंध

डॉक्टर, तुम्ही विचारल्यावर शीट उघडली आणि धस्स झालं.

४१७ नंबरचा रुग्ण दोनदा आहे. पहिल्यांदा दाखल, उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया, सहा दिवसांनी डिस्चार्ज. डिस्चार्जनंतर नऊ दिवसांनी पुन्हा दाखल, एक्स-रेत तीच जागा. मी दाखल झाल्याच्या नोंदी मोजल्या, माणसं मोजली नाहीत.

आणखी एक गोष्ट आत्ता लक्षात आली. ज्यांना संसर्ग झाला त्यांची व्यक्ती-वर्षंही मी अभ्यास संपेपर्यंत मोजली आहेत. प्रोटोकॉलमध्ये आउटकम "पहिला गंभीर संसर्ग" असा आहे. मग पहिल्या संसर्गाच्या तारखेलाच त्यांचं घड्याळ थांबायला हवं होतं ना?

---

आकडेमोड

हो, थांबायला हवं होतं. पहिली घटना हा आउटकम असेल तर त्या माणसाला दुसऱ्यांदा "पहिली" घटना होऊ शकत नाही, म्हणून पुढचा काळ धोक्याचा काळच नाही. छेद उगाच फुगतो आणि दर खाली येतो. आणि अंशात तोच न्यूमोनिया दोनदा आला, तो दर वर नेतो. दोन चुका विरुद्ध दिशेच्या असल्या म्हणून एकमेकींना फेडत नाहीत.

डॉक्टरांच्या प्रश्नात दुसरं एक महत्त्वाचं आहे. नाण्याचं जे मी सांगितलं ते प्रत्येक संसर्ग स्वतंत्र असेल तरच खरं. ४१७ चा दुसरा संसर्ग पहिल्यातूनच आला आहे, ती दुसरी नाणेफेक नव्हेच. एकाच माणसाच्या वारंवार घटना मोजल्या की "एक्झॅक्ट" हे नाव तेवढं उरतं, इंटरव्हल मात्र असायला हवा त्यापेक्षा अरुंद होतो. सगळ्याच घटना मोजायच्या असतील तर माणसाचा हिशेब ठेवणारं मॉडेल लागतं, `poisson.test` त्यासाठी नाही.

हे ओळखायला सोपं आहे: घटनांची संख्या आणि घटना झालेल्या वेगळ्या आयडींची संख्या शेजारी छापा. दोन्ही सारख्या नसतील तर थांबा.

---

निशिगंध

पुन्हा मोजलं. प्रत्येकाचं घड्याळ औषधाच्या पहिल्या डोसला सुरू केलं आणि पहिला संसर्ग, मृत्यू, शेवटची भेट, औषध थांबणं किंवा अभ्यासाचा शेवट यांपैकी जे आधी येईल तिथे थांबवलं. दिवस मोजून शेवटी ३६५.२५ ने भागले. मृत्यू, शेवटची भेट आणि औषध थांबणं या तारखांना आधीही थांबवलंच होतं, राहिला होता तो संसर्गच.

नवं औषध: १,४८२ वर्षांत ११. दर हजारी ७.४ (३.७ ते १३.३).
जुनं औषध: १,५९४ वर्षांत ४. दर हजारी २.५ (०.७ ते ६.४).
रेट रेशो २.९६, एक्झॅक्ट इंटरव्हल ०.८८ ते १२.७.

आणि पी-व्हॅल्यू: दुप्पट केलेली ०.०८९, R ची ०.०६९, मिड-पी ०.०५७.

आता तिन्ही ०.०५ च्या वर आहेत. काल याच तक्त्यात दोन पी-व्हॅल्यू खाली होत्या. एक एक्स-रे दोनदा मोजला गेला होता, त्याचा हा परिणाम.

---

टर्मिनल

मला मिड-पीची बाजू मांडू द्या. एक्झॅक्ट इंटरव्हल "किमान ९५%" ची हमी देतो, आणि कमी घटनांत प्रत्यक्षात तो त्याहून बराच जास्त वेळा खरा दर आत पकडतो. म्हणजे गरजेपेक्षा रुंद. औषधाच्या धोक्याच्या अभ्यासात गरजेपेक्षा रुंद इंटरव्हल देणं म्हणजे खरा धोका "सिद्ध नाही" म्हणून सोडून देण्याची शक्यता वाढवणं. मिड-पी सरासरीने ९५% च्या जवळ राहते. मी असतो तर मिड-पी दिली असती.

---

आकडेमोड

टर्मिनल, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि अनेक जाणकार तुमच्याच बाजूचे आहेत. माझा आक्षेप एवढाच: प्रोटोकॉलमध्ये "एक्झॅक्ट" लिहिलं आहे आणि मिड-पी काटेकोर अर्थाने एक्झॅक्ट नाही, तिची ९५% ची हमी नाही. आकडे बघितल्यावर पद्धत बदलली तर वाचणाऱ्याने काय समजायचं? प्रोटोकॉल लिहिताना मिड-पी निवडली असती तर मी एक शब्द बोललो नसतो.

---

टर्मिनल

प्रोटोकॉलमध्ये "एक्झॅक्ट" लिहिताना तीन प्रकार असतात हे लिहिणाऱ्याला माहीत होतं का, हाही प्रश्न आहेच. इंटरव्हल प्रोटोकॉलप्रमाणे देऊन खाली टीप म्हणून मिड-पी दिली तर त्यात लपवाछपवी काही नाही. यावर आपलं एकमत होणार नाही, राहू द्या.

---

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. या सगळ्यात पी-व्हॅल्यूवर इतकी चर्चा झाली, पण २.९६ पट हे रुग्णाला कसं सांगणार? "तिप्पट" ऐकून माझी आई औषधच बंद करेल.

---

आकडेमोड

फार योग्य प्रश्न. म्हणून रेशोबरोबर वजाबाकीही द्यावी. ७.४ वजा २.५, म्हणजे हजार जणांनी प्रत्येकी एक वर्ष औषध घेतलं तर साधारण पाच जास्तीचे गंभीर संसर्ग. या वजाबाकीचा अंदाजे इंटरव्हल उणे ०.१ ते ९.९. म्हणजे जवळजवळ काहीच फरक नाही इथपासून हजारी दहा जास्तीचे इथपर्यंत. "तिप्पट" मधून हे कळत नाही. जुन्या औषधाचा दर किती लहान आहे ते रेशोत दिसतच नाही.

निशिगंध, निकालाचं वाक्य मी असं लिहिलं असतं: "नव्या औषधाच्या गटात १,४८२ व्यक्ती-वर्षांत ११ रुग्णांना पहिला गंभीर संसर्ग झाला, दर हजारी ७.४ (एक्झॅक्ट ९५% इंटरव्हल ३.७ ते १३.३). जुन्या औषधाच्या गटात १,५९४ व्यक्ती-वर्षांत ४, दर हजारी २.५ (०.७ ते ६.४). रेट रेशो २.९६ (एकूण घटना ठरलेल्या धरून एक्झॅक्ट ९५% इंटरव्हल ०.८८ ते १२.७, त्याच पद्धतीची पी-व्हॅल्यू ०.०८९)." घटना आणि वर्षं दोन्ही छापा, म्हणजे ज्याला मिड-पी हवी तो स्वतः काढून घेईल. आणि "दोन औषधांत फरक नाही" असं कुठेही लिहू नका. इंटरव्हल बारा पटींपर्यंत जातो आहे.

---

सरळरेषा

वय आणि स्टेरॉइड यांचा हिशेब कुठे आहे? आजार जास्त असणाऱ्यांनाच नवं औषध दिलं असेल तर तुलनाच फसली.

---

आकडेमोड

बरोबर बोललात. हा सगळा खटाटोप न जुळवलेल्या दरांचा आहे. पॉयसॉन रिग्रेशनमध्ये व्यक्ती-वर्षांचा लॉग ऑफसेट म्हणून घालून वय आणि स्टेरॉइड घेता येईल, पण एकूण घटना १५. त्यात पाच-सहा गोष्टी कोंबल्या तर येणारे आकडे हवेतले असतील. मी फार तर एक घेईन, तीही आधीच ठरवलेली. डॉक्टर, तुम्ही कोणती निवडाल?

---

ओपीडीवाला

स्टेरॉइडचा डोस, डोळे मिटून. वय दुसऱ्या नंबरला.

आणि निशिगंध, तुम्ही औषध थांबवल्यावर घड्याळ थांबवलंत म्हणता. औषध बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रतिकारशक्ती परत येत नाही. पुष्कळदा ताप-खोकला सुरू झाला म्हणूनच औषध बंद केलं जातं आणि माणूस तीन दिवसांनी दाखल होतो. तो संसर्ग तुम्ही कुठे टाकलात?

---

निशिगंध

कुठेच नाही, वगळला जातो. आत्ता बघितलं, नव्या औषधाच्या गटात असे दोन आहेत. एक औषध थांबल्यावर ५ दिवसांनी, एक ३४ दिवसांनी. प्रोटोकॉलमध्ये याबद्दल काही नाही.

---

आकडेमोड

मुदत किती धरायची हे औषधाच्या गुणधर्मांवर ठरवा, घटना कुठे पडतात त्यावरून नको. ३० दिवस धरलेत तर पाचव्या दिवसाची घटना आत, चौतिसाव्याची बाहेर. पण मग औषध थांबवलेल्या प्रत्येक माणसाचे ते ३० दिवस छेदातही जायला हवेत, ज्यांना काही झालं नाही त्यांचेसुद्धा, आणि दोन्ही गटांत. अंशाला मुदत वाढवून द्यायची आणि छेदाला नाही, हे मी छापलेल्या पेपरांतही पाहिलं आहे.

---

ओपीडीवाला

३० मला कमी वाटतात. काही औषधांचा परिणाम महिनोन्‌महिने राहतो, मी ९० धरीन.

---

आकडेमोड

९० दिवसांत पुष्कळ जण दुसऱ्या औषधावर गेलेले असतील. मग तो संसर्ग कोणाच्या खात्यावर लिहायचा?

---

ओपीडीवाला

त्याला माझ्याकडे उत्तर नाही. चौतिसाव्या दिवशीच्या त्या रुग्णाला मधल्या काळात दुसरं काही सुरू केलं होतं का? निदान स्टेरॉइड वाढवलं होतं का?

---

निशिगंध

शीटमध्ये नोंद नाही. उद्या रेकॉर्ड रूममधून त्यांचा केस पेपर काढते आणि इथे लिहिते.